करंजमाळच्या बाज्याचं वय

नाव : श्री. मुरारी गोविंद शेलार. राहणार : पोलादपूर, तालुका तोच, जिल्हा रायगड. वय : आधार कार्डाप्रमाणे अडुसष्ट. उंची : पाच फूट तीन इंच, टोपीसह. शिक्षण : सातवी पास, तदनंतर प्रत्यक्ष कार्यानुभव. व्यवसाय : शिलाई मशीन, मिक्सर व टेबलफॅन यांची दुरुस्ती. विशेष प्रावीण्य : पुरातन ग्रामोफोन व तत्संबंधी तबकड्या यांचे शास्त्रशुद्ध कालनिर्णयन. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर सुटलेल्या स्प्रिंगने केलेला व्रण. वर्तणूक : चांगली, दुरुस्तीस दिलेले मिक्सरचे भांडे वेळेत परत मागितले नाही तर.

हा मजकूर करंजमाळ ग्रामस्थ मंडळ, मुंबई या संस्थेच्या स्मरणिकेसाठी मंडळाचे सचिव सुशांत मोरे यांनी मुरारीच्या दुकानातल्या स्टुलावर बसून लिहून घेतला. शेवटचं वाक्य मुरारीच्या बायकोनं, रखमानं, आतून चहा आणता आणता सांगितलं. सुशांतनं तेही भक्तिभावानं उतरवलं, आणि मग लक्षात आल्यावर खोडलं.

‘शास्त्रशुद्ध’ हा शब्द मुरारीला आवडला होता. त्याचं शास्त्र भेंडीबाजाराच्या मागच्या एका गाळ्यात शिकून झालं होतं. चौतीस वर्षं तो तिथं कामाला होता आणि त्या चौतीस वर्षांत त्यानं जुने ग्रामोफोन दुरुस्त केले त्याहून जास्त नवीन जुने ग्रामोफोन तयार केले. कृती सोपी होती. मोडका पोर्टेबल घ्यायचा, म्हणजे ती सुटकेसीसारखी पेटी, जी एकेकाळी सहलीला नेत. तिची मोटर काढायची. सुताराकडून आठकोनी पेटी करून घ्यायची, तिला चहाच्या पाण्यानं आणि बुटाच्या पॉलिशनं पन्नास वर्षांचं म्हातारपण द्यायचं. वर उत्तरेकडून गोणीनं येणारा पितळी कर्णा चढवायचा. झाला शंभर वर्षांपूर्वीचा बाजा. असे बाजे हॉटेलांच्या दारात उभे राहिले, नाटकांत जमीनदारांच्या दिवाणखान्यात वाजले आणि परदेशी पाहुण्यांबरोबर विमानानं गेले. मुरारी स्वतः मुंबई सोडली तर महाबळेश्वरच्या पलीकडे गेलेला नाही.

खोटं करायचं तर खरं पुरतं ठाऊक असावं लागतं, म्हणून गाळ्याच्या शेठनं त्याला खरंही शिकवलं. सगळ्यांत आधीचा कर्णा सरळ, पितळी, मोठ्या नरसाळ्यासारखा. मग साधारण एकोणीसशे पाच सालापासून फुलासारखा उमललेला, पाकळ्यांचा, पत्र्याचा, रंगवलेला. मग लोकांना घरात एवढं मोठं फूल नको झालं तेव्हा कर्णा दुमडून लाकडी पेटीच्या पोटात गेला. आणि मग आला पोर्टेबल. तबकड्यांचंही तसंच. पंख पसरून लेखणीनं तबकडीवर लिहिणारा देवदूत लेबलावर असेल तर माल नऊ-दहा सालापर्यंतचा. मागची बाजू कोरी असेल तर आणखी मागचा. त्यानंतर कर्ण्यात कान घालून बसलेला कुत्रा. कुत्रा पुढं कित्येक वर्षं बसून राहिला, म्हणून नुसत्या कुत्र्यावर जायचं नाही, लेबलाचा रंग, नंबराच्या आधीचं अक्षर आणि लेबलाच्या कडेची गुळगुळीत पट्टी बघायची. तिथं बारीक त्रिकोण कोरलेला असेल तर गाणं विजेच्या मायक्रोफोनवर घेतलेलं, म्हणजे पंचवीसच्या आधीचं नाहीच.

हे सगळं सांगून झाल्यावर शेठ एक वाक्य नेहमी म्हणायचा, “मुरारी, कर्णा माणसाला फसवतो. मोटर नाही फसवत. आधी पोट उघड.”

मुरारीनं हे वाक्य मनावर घेतलं होतं. तेच पुढं आडवं आलं.

करंजमाळ हे पोलादपुरापासून आत, डोंगराच्या अंगाला चिकटलेलं गाव. वरची वाडी, खालची वाडी आणि मधे मारुतीचं देऊळ. गावात पावसाळ्यात सव्वाशे माणसं असतात आणि मे महिन्यात नऊशे, कारण बाकीचं गाव मुंबईत राहतं. देवळातल्या कपाटात एक बाजा आहे. हनुमान जयंतीला पालखी उठायच्या आधी तो बाहेर काढतात, त्याला हार घालतात आणि एक तबकडी वाजवतात. पहिली चावी द्यायचा मान वरच्या वाडीतल्या उतेकरांच्या घराचा. कारण बाजा कुशाबा उतेकरानं मुंबईहून आणला, जवळच्या वीरला तेव्हा रेल्वे नव्हती, म्हणून बोटीनं आणि मग डोक्यावरून. निदान वरच्या वाडीचं म्हणणं असं होतं.

खालच्या वाडीचं म्हणणं वेगळं होतं. बाजा आणला चांगू मोऱ्यानं, सदतीस साली. हे म्हणणं ते एकोणनव्वद वर्षं दबक्या आवाजात म्हणत होते. यंदा ते मोठ्यानं म्हणण्याची वेळ आली. मंडळानं देवळाशेजारी सभागृह बांधलं, बाज्यासाठी काचेचं कपाट केलं आणि बाहेर बसवायला महाडला दगड कोरायला दिला. दगडावर बाजा आणणाऱ्याचं नाव घालायचं ठरलं. एकदा दगडावर नाव आलं की चावीचा मानही त्याच घराचा, हे कुणी ठरावात लिहिलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

सुशांत हा चांगूचा पणतू. कांदिवलीत राहतो, विमा कंपनीत कामाला आहे आणि न्यायी म्हणवून घ्यायला त्याला आवडतं. त्यानंच गावकीच्या बैठकीत सुचवलं, की भांडायचं कशाला, तज्ज्ञ बोलवू. बाजा तीसच्या आधीचा निघाला तर कुशाबाचा, नंतरचा निघाला तर चांगूचा. तीस अशासाठी, की कुशाबा गोदीत काम करताना क्रेनखाली सापडला ते साल तीस होतं. गोदीच्या साहेबाची इंग्रजी चिठ्ठी त्याच्या घरी पत्र्याच्या डब्यात आहे, तारखेसकट. त्याबद्दल वाद नव्हता.

त्याच तीस साली कुशाबाला मुलगी झाली. ती साळूबाई. बापानंतर तीन महिन्यांनी जन्मली. एकुलती एक, म्हणून नवरा घरजावई आला, आणि ती शहाण्णव वर्षं त्याच घरात राहत आली. बापाचा फोटो नाही. बाप कसा दिसायचा हे सांगणारं माणूस आता उरलेलं नाही. बापाचं म्हणून तिच्याकडे एकच गोष्ट होती, आणि तीही देवळाच्या कपाटात. फक्त बाज्याला चावी द्यायचं हँडल ती घरी ठेवायची. लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून, मिठाच्या बरणीमागं.

ठरलेल्या रविवारी सुशांतनं गाडी पाठवली. मुरारीनं इस्त्रीचा शर्ट घातला, स्क्रूड्रायव्हरांची पिशवी घेतली आणि रखमाला म्हणाला, “संध्याकाळपर्यंत येतो गो.”

“तिथं जाऊन जास्त बोलू नका,” रखमा म्हणाली. “विचारतील तेवढंच सांगा.”

हा सल्ला ती त्याला एकेचाळीस वर्षं देत आली होती.

देवळात दोन्ही वाड्या जमल्या होत्या. मधे चौरंगावर बाजा. मुरारीनं लांबूनच कर्णा पाहिला आणि त्याला बरं वाटलं. पत्र्याचा, फुलाचा, आठ पाकळ्यांचा, बाहेरून हिरवा, आतून कधीकाळी लाल. पाकळ्यांचे सांधे दुमडून घेतलेले, झाळलेले नाहीत. कडेला गंज होता, पण तो गंज प्रामाणिक होता. मुरारीनं वर्षानुवर्षं मिठाच्या पाण्यानं गंज आणला होता. खोटा गंज त्याला शंभर पावलांवरून कळायचा.

“कर्णा दहा सालापासून पंचवीसपर्यंतचा,” तो म्हणाला. “सुईवरच्या या आवाजपेटीत बघा, हे अभ्रकाचं पान हाय. अ‍ॅल्युमिनियमचं यायच्या आधीची.”

वरच्या वाडीत हालचाल झाली. कुणीतरी साळूबाईच्या कानात ओरडलं, “आजी, जुना हाय म्हणतात!”

“मला ठाव हाय,” साळूबाई म्हणाली. ती खांबाला टेकून बसली होती. “त्याला सांग, लवकर कर.”

मग तबकड्या आल्या. अकरा होत्या. मुरारीनं त्या एकेक करून खिडकीकडे धरल्या, तिरक्या. नऊ कुत्र्याच्या, काळ्या लेबलाच्या, त्रिकोण एकीवरही नाही. दोन वेगळ्या, मुंबईतल्याच एका देशी कंपनीच्या. “ही कंपनीच निघाली पस्तीस साली,” मुरारी म्हणाला. आता खालची वाडी हलली.

“म्हणजे काका, नऊ जुन्या आणि दोन नव्या,” सुशांत वहीत लिहीत म्हणाला. “मग धरायचं काय?”

“तबकड्यांवर काय धरू नका. जुन्या तबकड्या जुन्या बाजारात टोपलीनं मिळायच्या. आज मी पाच सालातली तबकडी घेऊन आलो तर मी काय पाच सालातला होतो?” लोक हसले. मुरारीला हसणारे लोक आवडत. त्यानं बाह्या सरसावल्या. “कर्णा पण बदलता येतो. खरी गोष्ट पोटात असते.”

त्यानं फिरती थाळी उचलली, थाळीखालची फळी सोडवली, वर घेतली आणि टॉर्च मारला.

आत पोर्टेबलची मोटर होती.

उथळ, एका स्प्रिंगच्या डबीची, चांगली ओळखीची. अशा मोटरी त्यानं शेकड्यांनी हाताळल्या होत्या. पेटी सात इंच खोल आणि मोटर जेमतेम तीन इंच. खाली नुसती पोकळी. नव्या पेटीत पोर्टेबलचं पोट बसवलं की नेमकी अशीच पोकळी राहते, आणि ती झाकायला गाळ्यात ते खाली जाड कापड चिकटवायचे. इथं कापड नव्हतं, पण मुरारीच्या डोळ्यांनी ते तिथं चिकटवून टाकलं.

“बसवलेला माल हाय,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे जोडाजोड. असे मी किती केलेत त्याची गणती नाय. ही मोटर ज्या पोर्टेबलात येते, तो बाजारात आला एकतीस साली. त्याच्या आधी ही मोटर जगात नव्हती. कर्णा कुठलाही असो. बाजा एकतीसच्या नंतरचा.”

बाहेर एक पोर मोबाईलवर गाणं लावून बसलं होतं, त्यानं ते बंद केलं. खालच्या वाडीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. जिंकल्यावर काय करायचं याचा सराव त्यांना नव्हता.

सुशांतनं वहीतून मान वर केली. “काका, नक्की?”

“मोटर फसवत नाय,” मुरारी म्हणाला.

साळूबाईला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. तिनं कमरेच्या पिशवीतून चिंधी काढली, चिंधीतून हँडल काढलं आणि पुढं केलं. ते घ्यायला कुणी उठेना. शेवटी सुशांतच गेला. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि घेतल्यावर कुठं ठेवावं ते त्याला कळेना.

“तेल लाव त्याला,” साळूबाई म्हणाली. “दर अमावास्येला लावते मी. खोबरेल नको, मशीनचं.”

मग ती नातसुनेच्या आधारानं उठली आणि वरच्या वाडीच्या पायऱ्या चढायला लागली. एकूण बेचाळीस पायऱ्या आहेत. मुरारीनं त्या मोजल्या, कारण त्या संपेपर्यंत दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

सुशांतनं देवळाच्या पायरीवरूनच महाडला दगडवाल्याला फोन केला. नाव चांगू बाळाजी मोरे, बुधवारी कोरायला घ्या म्हणाला. आवाज मात्र असा, की जणू कुणाच्या दहाव्याचं सांगत होता.

घरी आल्यावर रखमानं विचारलं, “झालं?”

“झालं.”

“काय निघालं?”

मुरारीनं सगळं सांगितलं. रखमा तांदूळ निवडत ऐकत होती. हँडलाचं ऐकल्यावर तिचा हात थांबला.

“शहाण्णव वर्सांच्या बाईला तुम्ही बापाशिवाय करून आलात,” ती म्हणाली.

“मी काय करू? मोटर एकतीसची!”

“तुम्ही आयुष्यभर खोटे बाजे केलेत. आता खराच समोर आला तरी तुम्हाला खोटाच दिसंल.”

“खरा कसा? मोटर...”

“मोटर मोटर काय लावलंय! मी तुमच्या घरात आले तेव्हा माझे दात सगळे माझे होते. आता खालचे चार डॉक्टरचे. म्हणून मी काय दोन हजार वीस साली जन्मले?”

रखमाचं बोलणं तो नेहमी ऐकून सोडून द्यायचा, पण हे सुटेना. जेवताना सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात एका बाईच्या शिलाई मशीनची शटल बसवताना सुटलं नाही. दुपारी सुशांतचा व्हॉट्सअ‍ॅप आला. “काका, स्मरणिकेसाठी फोटो निवडा.” बाज्याचे चौदा फोटो होते, त्यांतल्या अकरांत सुशांत होता.

बाराव्यात फळी होती. वर घेतलेली, थाळी बाजूला, वरून उजेड. मुरारीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मोटरचे स्क्रू दिसले. आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला, दूर दूर, तीन गोल डाग. लाकडापेक्षा किंचित फिके. मेण घालून बुजवलेली तीन भोकं.

त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

गाळ्यात ते पेटी नवी करायचे. मोटर आधी समोर ठेवायची, तिच्या मापानं फळीला भोकं पाडायची, मग बसवायची. नव्या पेटीला जुनी भोकं कशी असणार? ज्या फळीला बुजवलेली भोकं आहेत, त्या फळीवर आधी दुसरं काहीतरी बसलेलं होतं. मोठं काहीतरी. त्यानं तेरावा फोटो उघडला, पेटीची बाजू. हँडल शिरतं त्या भोकाच्या दीड इंच वर लाकडात एक गाठ होती, अगदी गोल. काल त्यानं ती पाहिली होती आणि गाठ म्हणून सोडून दिली होती. सागवानाला इतकी गोल गाठ पडत नाही. ते बूच होतं.

“आधी पोट उघड” एवढंच त्याला पाठ होतं. पोटाला टाके पडलेत का हे बघायला शेठनं सांगितलं नव्हतं, कारण गाळ्यात येणाऱ्या बाज्यांना टाके नव्हतेच कधी.

मंगळवारी सकाळी मुरारी पहिल्या एसटीनं करंजमाळला गेला. रखमा म्हणाली, “आता तरी विचारा. सांगू नका.”

साळूबाई अंगणात बसली होती. तिनं त्याला ओळखलं आणि बसायला सांगितलं नाही.

“आजी, एक विचारू?”

“परवा तर तूच सांगत हुतास.”

“परवा चुकलं असंल. म्हणून आलो. त्या बाज्याची मोटर, म्हणजे आतलं यंत्र, कधी बदललं होतं काय?”

साळूबाईनं काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, “त्याचं पोट काढलान ना चांगूनं. मी सात वर्साची हुते. बाजा फिरायचा नाय, घरघर करून थांबायचा. चांगू मुंबयला निघाला तवा आयेनं त्याला सांगितलं, घेऊन जा नि बरा करून आण. शिमग्याला परत आणलान. नवं पोट घालून. दोन तबकड्या पण आणलान, मला म्हणून.”

मुरारी खाली बसला. कुणी सांगायची वाट न बघता.

“आजी, हे परवा का नाही बोललात?”

“तू विचारलंस काय? तू मुंबयचा मानूस. टॉर्च लावून बघितलंस. म्हटलं, आता यालाच ठाव असंल माझा बाप कोण तो.”

“आणि जुनं पोट?”

“आणलान की परत. आयेनं बजावलं हुतं, त्याचं काय बी टाकू नकोस.” तिनं काठीनं दाखवलं. “कोंबड्यांवर हाय.”

अंगणाच्या कोपऱ्यात बांबूचं डालगं होतं, त्यात कोंबडी आणि तिची पिल्लं. डालगं मुंगसानं उलटू नये म्हणून त्यावर वजन ठेवलं होतं. ते वजन मुरारीनं उचललं, तेव्हा त्याच्या मनगटाला कळ आली. बिडाची पट्टी, खाली शेजारी शेजारी दोन स्प्रिंगच्या डब्या, वेग आवरणारे गव्हर्नरचे गोळे गेलेले, बाकी सगळं गंजून एकजीव. कर्ण्याच्या बाज्यांत असायची तशी दोन डब्यांची जड मोटर. अशी त्यानं आयुष्यात चार-पाचच पाहिली होती, कारण ती कोणी कोंबड्यांवर ठेवत नसे, आणि त्यामुळे ती भंगारात जायची.

वजन गेल्यामुळे डालगं हललं. कोंबडी बाहेर आली आणि तिनं मुरारीच्या पायाला चोच मारली. साळूबाई त्या सकाळी पहिल्यांदाच हसली.

मुरारीनं सुशांतला फोन केला. सुशांत उद्घाटनाच्या तयारीसाठी गावातच होता, मांडववाल्याशी भांडत. तो देवळात आला. त्याच्याबरोबर मांडववालाही आला, भांडण अर्धं राहिलं होतं म्हणून. नातसुनेनं साळूबाईला पायऱ्यांवरून खाली आणलं.

मुरारीनं पोर्टेबलची मोटर सोडवून बाजूला ठेवली. फळी पालथी घातली. जुन्या मोटरच्या पट्टीवरचा गंज पत्र्यानं खरवडला, तेव्हा तिच्या तीन कानांतली तीन भोकं मोकळी झाली. त्यानं ती फळीवर ठेवली. आधी चुकीच्या बाजूनं ठेवली, मग फिरवली. तीन भोकं तीन डागांवर बसली. त्यानं पिशवीतला एक जाड स्क्रू घेऊन मेणातून दाबला. तो आत गेला, लाकडातल्या जुन्या आट्यांवर आपोआप फिरत. मग फळी पेटीवर ठेवली. मोटरचा हँडल अडकवायचा दांडा बरोबर त्या गोल गाठीसमोर आला.

“ही पेटी ह्या मोटरसाठी केलेली हाय,” मुरारी म्हणाला. पुढचं वाक्य त्याला जड गेलं, कारण ते त्यानं चौतीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. “बाजा खरा हाय. पेटी, कर्णा, आवाजपेटी, सगळं एका वयाचं. नऊ तबकड्या त्याच्याच, एकीवरही त्रिकोण नाय, म्हणजे बहुतेक सत्तावीसच्या आतल्या. मग मधे दहा वर्सं एक पण नाय. आणि मग पस्तीसनंतरच्या दोन, पोट बदललं तेव्हाच्या. तबकड्या आणणारा माणूस मधे गेला, म्हणून मधलं काय नाय. परवा मी चुकलो.”

सुशांत बाज्याकडे बघत होता. “म्हणजे आमचे पणजोबा नुसते मेकॅनिक?”

“मी पण नुसता मेकॅनिकच हाय,” मुरारी म्हणाला. “आणि त्यानं जे केलं ते चोख केलं. जुनी भोकं मेणानं बुजवली, बूच एवढं साफ बसवलं की मी फसलो. माझ्या गाळ्यात हे केलं असतं तर शेठनं त्याला मुकादम केला असता.”

“लबाड हुता चांगू,” साळूबाई म्हणाली. “पण हात चांगला हुता. रे सुशांत, तुझ्या पणजोबानं माझा बाजा वाजता ठेवला. नायतर मी काय ऐकलं असतं?”

सुशांतनं खिशातून हँडल काढलं. दोन दिवस ते त्याच्या खिशातच होतं. त्याला तेल लावलेलं होतं, मशीनचंच. ते त्यानं साळूबाईच्या हातात दिलं, आणि मग एकदम त्याच्या चेहऱ्यावर भलतीच भीती आली.

“काका, दगड!”

दगडवाला फोन उचलेना. सुशांतनं गाडी काढली, मुरारी पुढं बसला. महाडला पोचेपर्यंत सुशांतनं अठरा वेळा फोन लावला आणि दर वेळी कॉलर ट्यूनमध्ये तेच भजन ऐकलं. शेडमध्ये धूळ उडत होती. दगडवाला छिन्नी हातात घेऊन दगडावर वाकला होता, कानात हेडफोन. सुशांत ओरडला तेव्हा त्यानं छिन्नी उचलली.

“बुधवारी म्हणालेलात ना?” दगडवाला म्हणाला. “उद्या आमचा कामगार सुट्टीवर, म्हणून आजच घेतलं.”

“नाव कोरलं?”

“नाव नाही अजून. वरचं सगळं झालं. आता नावालाच हात घालत होतो.”

दगडावर आठ ओळी कोरून झाल्या होत्या. मुरारीनं त्या वाचल्या. मारुती प्रसन्न. मग मंडळाचं नाव, रजिस्ट्रेशन नंबरसह. मग सोहळ्याचं नाव, शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, अध्यक्ष, उपाध्यक्ष व खजिनदार, सचिव. सचिवाचं नाव जरा मोठ्या अक्षरात होतं. सुशांतनं ते पाहिलं आणि बाहेर जाऊन पाण्याची बाटली विकत घेतली.

खाली राहिलेल्या जागेत काय बसेल याचा हिशोब करायला तिघं जमिनीवर बसले. दगडवाल्यानं खडूनं रेघा मारल्या. सुशांतनं मजकूर केला, मुरारीनं त्यातून ‘अंदाजे’ काढायला लावलं आणि ‘पूर्वी’ घालायला लावलं, कारण त्याला साल माहीत नव्हतं आणि पुन्हा न बघितलेलं सांगायची त्याला इच्छा नव्हती.

हनुमान जयंतीला सभागृहाचं उद्घाटन झालं. साळूबाईनं चावी दिली. चांगूनं बसवलेली मोटर फिरली आणि कुत्र्याच्या लेबलाची एक तबकडी वाजली, बऱ्यापैकी खरखरीसह. दुसऱ्या चावीचा मान खालच्या वाडीला द्यायचा असा ठराव तिथल्या तिथं झाला. जुनी मोटर काचेच्या कपाटात ठेवली, शेजारी पाटी. डालग्यावर आता पाटा ठेवतात.

दगडावर शेवटी असं आहे : “कै. कुशाबा धोंडू उतेकर यांनी सन १९३० पूर्वी मुंबईहून आणिलेला बाजा. यंत्रदुरुस्ती : कै. चांगू बाळाजी मोरे, सन १९३७. कालनिर्णयन : श्री. मुरारी गोविंद शेलार, ध्वनियंत्रतज्ज्ञ, पोलादपूर.” कार्यक्रम संपल्यावर साळूबाईनं बापाचं नाव कुठं आहे ते विचारलं, तेव्हा ध्वनियंत्रतज्ज्ञांना त्यावर तिचं बोट ठेवण्यासाठी गुडघ्यावर बसावं लागलं.

कुशाबाचं नाव नवव्या ओळीत आहे. अक्षरं पाऊण इंची आहेत, कारण वरच्या आठ ओळी आधीच कोरून झाल्या होत्या.